निरोपाच्या व्हिडिओतील तीन आठवणी: दोन मिनिटांत काय सांगावे आणि काय वगळावे

प्रश्न: मी पुण्यातील एका कंपनीत सहा वर्षे टीम लीड आहे. टीममध्ये अकरा जण आहेत. सहा जण ऑफिसात असतात, तिघे नागपूर आणि नाशिकहून घरून काम करतात आणि दोघांची कायम रात्रपाळी असते. पुढच्या महिन्यात मी नोकरी सोडते आहे. सगळे एकत्र भेटणे शक्य नाही, म्हणून छोटा व्हिडिओ करायचा आहे आणि त्यात तीन आठवणी सांगायच्या आहेत. लिहिलेले वाचून पाहिले तर नऊ मिनिटे झाली आणि दुसऱ्या आठवणीलाच रडू आले. थोडक्यात पण मनापासून कसे बोलावे?

उत्तर:

गेली चौदा वर्षे मी कंपन्या, रुग्णालये आणि संस्थांसाठी अंतर्गत व्हिडिओ करतो आणि निरोपाचे दोन-चार व्हिडिओ दर वर्षी वाट्याला येतातच. नऊ मिनिटांचा मजकूर माझ्याकडे येतो, तेव्हा त्यात बहुधा चार वेगवेगळी कामे एकाच वेळी उरकलेली असतात. इतक्या वर्षांचा आढावा असतो, प्रत्येकाचे नाव घेऊन आभार असतात, पुढे काम कसे करावे याच्या सूचना असतात, आणि या सगळ्याच्या खाली कुठेतरी निरोप दबलेला असतो. आढाव्याची जागा कामाच्या हस्तांतराच्या बैठकीत आहे, सूचनांची जागा लेखी टिपणात आहे, आणि व्यक्तिगत आभारांसाठी प्रत्येकाला चार ओळींचा स्वतंत्र संदेश पाठवणे कधीही चांगले, कारण अकरा जणांच्या यादीत आपले नाव ऐकून कोणाला फारसे काही वाटत नाही. ही तीन कामे बाहेर काढली की व्हिडिओत फक्त निरोप उरतो, आणि तो दोन मिनिटांत मावतो.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हे आधीच मान्य करतो. तुम्ही सोडून जात असल्याचे टीमला अधिकृतपणे कळलेले नसेल, तर व्हिडिओ त्या घोषणेनंतरच जायला हवा. वातावरण कडवट असेल, म्हणजे कोणाशी मतभेद होऊन तुम्ही बाहेर पडत असाल, तर आठवणी आणखी जपून निवडाव्या लागतात, कारण ऐकणारा प्रत्येक वाक्यात टोमणा शोधतो. तुमच्या प्रश्नात तसे काही दिसत नाही, म्हणून संबंध चांगले आहेत असे धरून पुढे लिहितो.

प्रथम मोजमाप. कॅमेऱ्यासमोर निवांत मराठी बोलणारी व्यक्ती मिनिटाला साधारण ११० ते १२० शब्द बोलते, असा माझा अनुभव आहे. म्हणजे दोन मिनिटांसाठी सुमारे २३० शब्द हातात असतात. सुरुवातीला वीस-पंचवीस, शेवटी तितकेच, आणि मधल्या तीन आठवणींना प्रत्येकी पन्नास ते पासष्ट शब्द. साठ शब्दांत एक पूर्ण प्रसंग मावत नाही, प्रसंगातली एक कृती मात्र मावते. त्यामुळे पहिला निर्णय असा असतो की त्या आठवणीतील नेमकी कोणती कृती डोळ्यांसमोर उभी करायची. बाकीचा प्रसंग तुमच्या टीमला ठाऊक आहेच, तो त्यांना पुन्हा सांगावा लागत नाही.

हे प्रत्यक्षात कसे होते ते एका उदाहरणाने दाखवतो. काही वर्षांपूर्वी कोल्हापुरातील एका पॅथॉलॉजी लॅबच्या टीम लीड बाईंनी मला बोलावले होते. त्यांच्या हाताखाली नऊ तंत्रज्ञ, नमुने गोळा करून आणणारी मुले आणि एक सहाय्यक मामा अशी मंडळी होती. लॅब चोवीस तास चालत असल्यामुळे सगळे एकाच वेळी समोर येणे अशक्य होते, म्हणजे अडचण तुमच्यासारखीच. त्यांचा पहिला मजकूर आठ मिनिटांचा होता.

त्यांची पहिली आठवण ऑगस्ट २०१९ च्या महापुराची होती. पंचगंगेचे पाणी वाढून शिरोलीजवळ पुणे–बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद पडला होता आणि चाचण्यांची रसायने घेऊन येणारी गाडी पलीकडे अडकली होती. मजकुरात यावर दोन पाने होती. पाणी कुठवर आले, कोणाला किती फोन केले, वरिष्ठांशी काय बोलणे झाले, कोणत्या रुग्णालयाच्या चाचण्या आधी घ्यायच्या हे कसे ठरले, असे सगळे तपशीलवार होते. मी पेन्सिल घेऊन ज्या वाक्यांचा कर्ता ‘मी’ आहे त्यांच्यावर खुणा केल्या. दोन पानांतली निम्म्याहून अधिक वाक्ये तशी निघाली. बाई स्वतःच थबकल्या. त्यांना टीमचे कौतुक करायचे होते आणि कागदावर मात्र त्यांच्या स्वतःच्या धावपळीचा वृत्तान्त उतरला होता. हे मुद्दाम कोणी करत नाही. आपल्याला आपण केलेली कामे आतून आठवतात आणि इतरांची बाहेरून, म्हणून लिहिताना आपोआप तोल जातो. तुमच्या मजकुरावरही ही पेन्सिल एकदा फिरवून पाहा. आठवणीतील मुख्य क्रियापदाचा कर्ता टीममधील कोणीतरी असायला हवा, तुम्ही नव्हे.

मग मी त्यांना विचारले की त्या चार-पाच दिवसांतले असे काय आहे जे आजही डोळे मिटल्यावर दिसते. त्या लगेच म्हणाल्या, “फ्रिजवरचा कागद.” एका कनिष्ठ तंत्रज्ञ मुलीने प्रत्येक किटमध्ये किती चाचण्या शिल्लक आहेत हे कागदावर लिहून तो फ्रिजच्या दाराला चिकटवला होता आणि प्रत्येक चाचणीनंतर जुना आकडा खोडून नवा लिहिला जात होता. दोन पानांच्या मजकुरात या कागदाला अर्धे वाक्य मिळाले होते. आम्ही तोच ठेवला आणि बाकी सगळे काढले.

अडचण एवढीच होती की नऊपैकी चौघे पुरानंतर कामावर आले होते. जुन्या आठवणीत नवीन माणसे पाहुण्यासारखी बाजूला उभी राहतात. तेव्हा आम्ही शोधले की त्या आठवणीतले आज काय शिल्लक आहे. उत्तर सोपे होते. साठ्याचा कागद तेव्हापासून रोज फ्रिजवर लागत होता आणि नवीन आलेल्यांना तो लॅबचा नियमच वाटत होता. एवढे एक वाक्य घातल्याबरोबर ती आठवण चौघांचीही झाली.

दुसऱ्या आठवणीवर आमचा सर्वांत जास्त वेळ गेला. बाईंना स्वतःची एक चूक सांगायची होती, आणि तीनपैकी एक आठवण तशी असावी असे माझेही मत आहे, कारण वरिष्ठाने आपली चूक मान्य करून ती कोणी सावरली हे सांगितले की ते बोलणे औपचारिक राहत नाही. त्यांनी निवडलेला प्रसंग असा होता की घाईत त्यांच्या हातून दोन नमुन्यांची बारकोडची चिठ्ठी अदलाबदल झाली होती. रिपोर्ट बाहेर जाण्यापूर्वी एका तंत्रज्ञाने ते पकडले. त्या रुग्णाच्या तांबड्या पेशींचा सरासरी आकार आधीच्या रिपोर्टशी अजिबात जुळत नव्हता, आणि हा आकडा एकाच माणसात दोन-चार दिवसांत सहसा फारसा बदलत नाही, हे त्याला माहीत होते. त्याने चारचौघांत काही न बोलता केबिनचे दार लावून घेतले आणि म्हणाला, “मॅडम, हे एकदा बघता का?”

प्रसंग म्हणून हा तिन्हींत सर्वोत्तम होता. तरीही मी तो वगळायला सांगितला. निरोपाचा व्हिडिओ टीमपुरता राहील अशी खात्री कोणालाच देता येत नाही. तो घरी दाखवला जातो, दुसऱ्या शाखेच्या ग्रुपवर जातो, आणि पाहणाऱ्याला एवढेच ऐकू येते की या लॅबमध्ये नमुन्यांची अदलाबदल होते. चूक वेळेत सापडली, तिची रीतसर नोंद झाली, कोणाचे नुकसान झाले नाही, हे सगळे दोन मिनिटांत सांगायला जागा नसते. बाईंना हे पटायला वेळ लागला. अखेर त्यांनी त्या तंत्रज्ञाला बोलावून समोरासमोर आभार मानले आणि व्हिडिओसाठी दुसरी चूक निवडली: एका दिवाळीत ड्युटी लावताना झालेली.

तुमच्या कामातही असे प्रसंग असतील. ग्राहकाचे नाव, बंद पडलेली सेवा, हरवलेली माहिती, कोणाचा घसरलेला वार्षिक शेरा, कोणाचे आजारपण, घरातली अडचण, या गोष्टी कितीही मनापासून सांगितल्या तरी व्हिडिओत नकोत. माझी एक साधी कसोटी आहे. ज्याच्याबद्दल बोलता आहात त्याच्या आईने आणि तुमच्या कंपनीच्या ग्राहकाने हा व्हिडिओ पाहिला तर चालेल का, असे स्वतःला विचारावे. दोन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तरच तो प्रसंग ठेवावा. शिवाय ज्याची कृती सांगणार आहात त्याला आधी एका ओळीत विचारून घ्यावे. काही माणसांना चारचौघांतले कौतुकही नकोसे असते आणि त्यांना ते निरोपाच्या दिवशी सहन करायला लावू नये.

आता तिसरी आठवण. इथे लोक पुन्हा एखादा मोठा प्रसंग शोधतात, पुरस्कार किंवा मोठे कंत्राट मिळाल्याचा दिवस वगैरे. मी उलटे सुचवतो. तिसरी आठवण रोजच्या, कोणीही मुद्दाम लक्षात न ठेवलेल्या गोष्टीची असावी. लॅबमध्ये सकाळी आठ वाजता पाळी बदलताना मामा बाहेरच्या पॅसेजमध्ये चहाची किटली ठेवत असत. रात्रपाळीचे लोक निघालेले नसत आणि दिवसपाळीचे आलेले असत, म्हणून चोवीस तासांत तेवढी दहाच मिनिटे दोन पाळ्या एकमेकींना भेटत. आम्ही चहा घेतला तो त्याच्या गोडव्यासाठी नव्हे, तर या आठवणीत नऊच्या नऊ जण, नमुने आणणारी मुले आणि मामा हे सगळे येत होते म्हणून.

अखेरचा मजकूर पुढीलप्रमाणे होता. त्यात नावे नव्हती, कारण तिथे सगळे ओळखीनेच कळत होते.

“नमस्कार मंडळी. शनिवारी माझा इथला शेवटचा दिवस. सगळ्या पाळ्यांना एका वेळी एकत्र बोलावणे आपल्याला कधी जमलेच नाही, म्हणून असे बोलते आहे. तीनच गोष्टी सांगते.

पहिली ऑगस्ट २०१९ ची. पुराने हायवे बंद झाला होता आणि आपली रीएजंटची गाडी शिरोलीच्या पलीकडे अडकली होती. त्या रात्री आपल्यातल्या सगळ्यात लहान मुलीने फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवला. कोणत्या किटमध्ये किती टेस्ट उरल्या ते लिहिले, आणि प्रत्येक टेस्टनंतर आकडा खोडायला लागली. तुमच्यातले चौघे तेव्हा इथे नव्हते. पण तो कागद तुम्हीही रोज भरता. तो नियम नाही. ती त्या पुरातली सवय आहे.

दुसरी माझ्या चुकीची. एका दिवाळीत मी ड्युटी लावली आणि लक्ष्मीपूजन धरून सलग तीन रात्री एकाच माणसाला दिल्या. तो काही बोलला नाही. तुमच्यापैकी तिघांनी एकेक रात्र आपापसांत वाटून घेतली आणि मला सांगितलेही नाही. भाऊबीजेनंतर हजेरीचे रजिस्टर बघताना मला ते कळले, आणि तेव्हा मी गप्प बसले. आज सांगते, चुकले माझे होते आणि सांभाळले तुम्ही.

तिसरी सकाळी आठच्या चहाची. रात्री कोणते मशीन रुसले, कोणाचा डबा राहिला, कोणाच्या मुलाचा पेपर कसा गेला, हे मला रजिस्टरपेक्षा त्या दहा मिनिटांत जास्त कळले. सोमवारीही मामा आठला किटली ठेवतील. माझा कप कपाटात धुऊन ठेवला आहे, तो नव्या मॅडमना द्या.

मी कोल्हापुरातच आहे आणि फोन नंबर तोच आहे. येते मी.”

हे सगळे मिळून दोन मिनिटे आणि काही सेकंद झाले. त्यातील दोन-तीन गोष्टींकडे लक्ष वेधतो. ‘तुम्ही खूप कष्टाळू आहात’, ‘आपण एक कुटुंब आहोत’ अशा अर्थाचे एकही वाक्य त्यात नाही, आणि तरीही मजकूर कोरडा वाटत नाही. हजेरीच्या रजिस्टरातून कळलेली गोष्ट आणि धुऊन ठेवलेला कप यांनी जे होते, ते विशेषणांनी होत नाही. कुटुंब हा शब्द तर मी हटकून काढायला लावतो, कारण राजीनामा दिलेल्या माणसाच्या तोंडी तो विचित्र वाटतो.

आठवणींचा क्रमही विचार करून ठरवलेला आहे. बाईंना पूर शेवटी हवा होता, म्हणजे शेवट जोरदार होईल. पण पुरानंतर चहा सांगितला तर चालतो, आणि चहानंतर पूर सांगितला की चहा फिका पडतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पूर आणि दिवाळी होऊन गेलेल्या गोष्टी आहेत, चहा मात्र सोमवारीही असणार आहे. शेवटची आठवण तुमच्या गैरहजेरीत चालू राहणारी असली की निरोपाकडे वळायला वेगळे वाक्य जुळवावे लागत नाही.

शेवटचे वाक्य मी मजकुरात तीन वेळा बदलले. ‘ही संध्याकाळ कायम स्मरणात राहील’ या धाटणीची वाक्ये भाषणात शोभतात. घरातून बाहेर पडताना आपण ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो, आणि ज्यांच्याबरोबर आठ-आठ तास काढले त्यांनाही तेच म्हणावे असे मला वाटते. तुमच्या टीममध्ये मराठी न समजणारे कोणी असेल तर हे वाक्य त्याच्यापर्यंत पोहोचणार नाही, हे खरे. तशा वेळी ज्या भाषेत तुम्ही त्यांच्याशी रोज बोलता त्याच भाषेत, म्हणजे अगदी हिंदी-मराठी-इंग्रजीच्या सरमिसळीतही बोलावे. फक्त व्हिडिओसाठी म्हणून शुद्ध भाषा वापरू नये, टीमला तुमचा आवाज परका वाटतो.

तुमच्या टीमची रचना पाहता एक गोष्ट मुद्दाम करा. कागदावर अकरा नावे एकाखाली एक लिहा, शेजारी तीन रकाने आखा आणि कोणत्या आठवणीत कोण प्रत्यक्ष हजर होते तिथे खूण करा. मला अशी शंका आहे की तुमच्या तिन्ही आठवणी पुण्याच्या ऑफिसातल्या असतील, कारण तुम्ही स्वतः तिथे बसता. तसे असेल तर नागपूरचा सहकारी ज्या कँटीनमध्ये कधी बसलाच नाही तिच्याबद्दल दोन मिनिटे ऐकेल. एखादी आठवण रोजच्या सकाळच्या कॉलमधली निवडा, जिथे सगळे असतात, आणि एक रात्रपाळीच्या दोघांची निवडा, उदाहरणार्थ सकाळी तुम्ही लॅपटॉप उघडताना त्यांचा कोणता संदेश तुमची वाट पाहत असे. ज्या नावापुढे एकही खूण नाही अशी एक-दोन नावे उरलीच, तर त्यांना ओढूनताणून व्हिडिओत बसवू नका, त्यांना जाणारा स्वतंत्र संदेश थोडा मोठा लिहा.

रडू येण्याबद्दल. ते टाळण्यासाठी आठवण बदलू नका. लिहिलेले मोठ्याने वाचताना ज्या जागी पहिल्या वेळी कंठ दाटतो, तिथे दुसऱ्या दिवशी तिसऱ्या-चौथ्या वाचनाला आवाज नुसता जड होतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. म्हणून चित्रीकरणाच्या आधी दोन दिवस, दिवसातून दोनदा, उभ्याने मोठ्याने वाचा. मनात वाचून काहीच उपयोग होत नाही. पाठांतर मात्र करू नका. पाठ केलेल्या मजकुरात एक शब्द विसरला की माणूस गडबडतो आणि त्या गडबडीतच रडू फुटते. फक्त पहिले आणि शेवटचे वाक्य शब्दशः पक्के ठेवा आणि मधल्यासाठी तीन शब्द लक्षात ठेवा. लॅबच्या बाईंनी ‘कागद, ड्युटी, चहा’ असे मोठ्या अक्षरांत लिहून ती चिठ्ठी फोनच्या कॅमेऱ्याशेजारी चिकटवली होती.

चित्रीकरण चालू असताना आवाज दाटला तर फोन बंद करू नका. थांबा, श्वास घ्या, पाणी प्या आणि त्या आठवणीच्या पहिल्या वाक्यापासून पुन्हा सुरुवात करा. दोन आठवणींच्या मधल्या जागी व्हिडिओ कापून जोडला तर कोणाला खटकत नाही, वाक्याच्या मध्ये कापला तर लगेच दिसतो. एखादा क्षण आवाज हलला आणि पुढचे वाक्य नीट आले, तर ते तसेच राहू द्या. पण सलग दहा सेकंद बोलता आले नाही तर ते ठेवू नका, कारण पाहणाऱ्यांचे लक्ष तुमच्या शब्दांवरून उडते आणि त्यांना तुमची काळजी वाटू लागते. बाईंनी तीन वेळा चित्रीकरण केले आणि आम्ही दुसरे वापरले. पहिल्यात घाई होती, तिसरे गुळगुळीत झाले होते.

चित्रीकरणासाठी फोन पुरतो. खिडकी पाठीमागे नको, समोर किंवा किंचित बाजूला असावी. फोन पुस्तकांच्या किंवा फायलींच्या चळतीवर, आडवा, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर येईल असा ठेवा. टेबलावर खाली ठेवलेल्या फोनमध्ये नाकपुड्या आणि छतावरचा पंखा दिसतो. अंतर दीड हात पुरे. चित्रापेक्षा आवाजाने व्हिडिओ जास्त बिघडतो, म्हणून पंखा आणि एसी बंद करा आणि वायरच्या साध्या इअरफोनचा माइक कॉलरला लावा. लॅबमध्ये फ्रिजच्या घरघरीमुळे आम्हाला शेवटी स्टोअररूममध्ये जावे लागले होते, आणि तिथल्या खोक्यांमुळे आवाज घुमला नाही हा आयता फायदा झाला. समोरच्या कॅमेऱ्याने चित्रीकरण करताना माणूस पडद्यावर स्वतःचा चेहरा पाहतो आणि नजर खाली गेलेली दिसते, म्हणून पडद्यावर कागद चिकटवून टाका आणि भिंगाकडे बघा. मागे पांढरा फलक असेल तर त्यावर काय लिहिले आहे ते तपासा. तुमच्यासारख्या कामात तिथे हमखास ग्राहकाचे काहीतरी असते.

एक तांत्रिक सूचना एवढ्यासाठी देतो की त्यात बरेच जण फसतात. आयफोनने केलेला व्हिडिओ ऑफिसातील काही जुन्या विंडोज संगणकांवर उघडत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये Formats खाली Most Compatible निवडून मग चित्रीकरण केले की हा प्रश्न येत नाही. व्हॉट्सअॅपवर पाठवायचा असेल तर व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे तो दाबला जाऊन धूसर होत नाही.

पाठवण्याच्या वेळेचा विचार लोक सर्वांत कमी करतात. ऑफिसातल्या बैठकीत मोठ्या पडद्यावर दाखवून मग इतरांना लिंक पाठवली, तर नागपूर-नाशिकच्या तिघांना आणि रात्रपाळीच्या दोघांना तो दुसऱ्यांचा निरोप वाटेल. सगळ्यांना एकाच वेळी पाठवा, आणि ती वेळ रात्रपाळी सुरू होण्याच्या आसपासची ठेवा. ज्याला जेव्हा हवा तेव्हा तो एकटा पाहील. कॉलवर सगळ्यांना एकत्र दाखवायचाच असेल, तर झूमवर पडदा शेअर करताना Share sound ची खूण केल्याशिवाय समोरच्यांना नीट ऐकू जात नाही, आणि ती केली तरी ज्यांचे नेट मंद आहे त्यांच्याकडे व्हिडिओ अडखळतो.

लॅबच्या बाईंनी शेवटच्या दिवशी, शनिवारी, चित्रीकरण करायचे ठरवले होते. त्या दिवशी सह्या, वस्तू परत करणे आणि भेटायला येणारी माणसे यांत दोन शांत मिनिटे मिळत नाहीत, म्हणून आम्ही ते आधीच्या मंगळवारी केले आणि शुक्रवारी रात्री पाठवले, म्हणजे शनिवारी आठच्या चहाला सगळ्यांनी तो पाहिलेला होता. तुम्हीही शेवटच्या दिवसाच्या तीन-चार दिवस आधी चित्रीकरण उरका. फाइल तुमच्या कंपनीच्या वैयक्तिक खात्यात ठेवू नका, कारण शेवटच्या दिवशी ते खाते बंद झाले की लिंकही बंद होते. टीमच्या सामाईक फोल्डरमध्ये ठेवा आणि रात्रपाळीतल्या एकाला ती आधी उघडून पाहायला सांगा.